मतदार जागृती, पक्षनिरपेक्ष

कोणत्याही पक्षाचे वा उमेदवाराचे नाव न घेता, नागरिकांनी मतदार यादीत नाव नोंदवावे व मतदानास जावे यासाठी केलेले आवाहन आणि त्यासोबत दिलेली माहिती. मत कोणाला द्यावे हे सांगितले की तो प्रचार होतो. मत कुठे, केव्हा व कसे द्यावे एवढ्यावर थांबले तर ती जागृती. भारतात हे काम मुख्यतः निवडणूक आयोगाची यंत्रणा करते. महाविद्यालये, गृहनिर्माण संस्था, बँका, दुग्धसंघ यांचीही त्यात मदत घेतली जाते.

या आवाहनाची मर्यादा कायद्यातूनच येते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७९ मध्ये ‘निवडणूकविषयक हक्का’ची व्याख्या आहे. तिच्यात मतदान करण्याबरोबरच मतदानापासून दूर राहण्याचाही समावेश आहे. म्हणजे न जाणारा नागरिक कायद्याच्या दृष्टीने दोषी नसतो, तोही एक हक्कच बजावत असतो. सप्टेंबर २०१३ मधील ज्या निकालामुळे मतदान यंत्रावर ‘नोटा’चे बटण आले, त्यात सर्वोच्च न्यायालयाने हा धागा पुढे नेला. केंद्रावर येऊन मत न देण्याचा निर्णय घेणाऱ्याची नोंद पूर्वी नोंदवहीत उघडपणे होत असे. त्याचीही गुप्तता राखली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. सक्तीच्या मतदानाचा प्रयोग गुजरातने स्थानिक संस्थांपुरता कायद्यात आणला होता, मात्र २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात सक्तीच्या विरोधात मत दिले. सक्ती नाही म्हटल्यावर उरते ते आवाहन.

उगम : या कामाचा आरंभ कधी धरावा याविषयी एकमत नाही. एक मत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत (१९५१–५२) मागे जाते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकिर्दीत सराव मतदान घेतले गेले, चित्रपटगृहांतून माहितीपट दाखवले गेले व आकाशवाणीचा उपयोग झाला. याच काळातला एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. उत्तर व मध्य भारतातील अनेक स्त्रियांनी यादीसाठी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची पत्नी’ असे सांगितले, आणि अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे अखेर वगळावी लागली. दुसऱ्या मतानुसार हे सारे निवडणूक घेण्यातलेच प्रशासकीय प्रयत्न होते आणि स्वतंत्र कार्यक्रम म्हणून जागृती ‘स्वीप’पासून (मतदारांचे पद्धतशीर शिक्षण व निवडणूक सहभाग) सुरू होते.

‘स्वीप’ची तारीखही पक्की नाही. आयोगाच्या लेखनात २००९ हे वर्ष येते. काही जण २०१० ची बिहार विधानसभा निवडणूक ही खरी सुरुवात मानतात. बिहारमध्ये लोक मतदानाला का येत नाहीत याची पाहणी आधी करून मग संदेश ठरवण्याची रीत दिसते, म्हणून हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या निवडणुकीत तेथील स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांहून अधिक राहिले. पुढे २०११ पासून २५ जानेवारी, म्हणजे १९५० मध्ये आयोग स्थापन झाला तो दिवस, राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जाऊ लागला.

परिणामाबद्दल मात्र सावध राहावे लागते. लोकसभेसाठी २००९ मध्ये सुमारे ५८ टक्के आणि २०१४ मध्ये ६६ टक्क्यांहून थोडे अधिक मतदान झाले. ही वाढ जागृतीची, चुरशीची, की यादी स्वच्छ झाल्याची, हे वेगळे काढता येत नाही. टक्केवारीचा छेद यादीतील नावे हा असतो, मतदानाच्या वयाची लोकसंख्या हा नव्हे. समजा एका केंद्राच्या यादीत १,००० नावे आहेत आणि त्यांतली १५० मयत, स्थलांतरित किंवा दुबार आहेत. ५५० जणांनी मत दिले तर नोंद ५५ टक्के होते, पण मत देऊ शकणाऱ्या ८५० जणांशी ताडले तर तेच प्रमाण ६५ टक्क्यांच्या जवळ जाते. भाडेकरू सतत बदलणाऱ्या शहरी वस्तीत असा फरक सहज पडतो. त्यामुळे ‘अमुक भाग आळशी’ असा निष्कर्ष केवळ आकडा पाहून काढणे धोक्याचे असते. मुंबई-पुण्याविषयी तो दर निवडणुकीला काढला जातोच.

लाजवणारे आवाहन : मतदान न करणाऱ्याला लाजवावे का, यावर सर्वाधिक चर्चिला गेलेला पुरावा अमेरिकेतील आहे. ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन व क्रिस्टोफर लॅरिमर या राज्यशास्त्रज्ञांनी ऑगस्ट २००६ मध्ये मिशिगन राज्यातील, पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीआधी सुमारे ८०,००० कुटुंबांना वेगवेगळी पत्रे पाठवली. ज्यांना काहीच पाठवले नाही त्यांच्यात सुमारे ३० टक्के मतदान झाले. नागरी कर्तव्याची आठवण देणाऱ्या पत्राने ते दोनेक टक्क्यांनी वाढले. एका पत्रात तुम्ही व तुमच्या शेजाऱ्यांनी मागे मतदान केले की नाही याची यादी होती आणि निवडणुकीनंतर पुन्हा अशीच यादी पाठवू असे म्हटले होते. ते मिळालेल्या घरांत मतदान ३८ टक्क्यांच्या घरात गेले.

या आकड्यांवरून ‘लाज हाच उपाय’ असे म्हणणारे आहेत. तथापि त्याच विषयावरील इतर अभ्यास अशा पत्रांवर लोक चिडतात याकडेही लक्ष वेधतात. शिवाय गर्बर व टॉड रॉजर्स यांच्या प्रयोगांत ‘बरेच लोक मतदान करतात’ हा संदेश ‘फार थोडे लोक मतदान करतात’ या संदेशापेक्षा अधिक उत्सुकता निर्माण करणारा ठरला. ‘शहराने पुन्हा लाज आणली’ छापाचे फलक त्या अर्थाने उलटे काम करण्याची शक्यता असते, कारण ते न जाणाऱ्याला त्याच्यासारखे पुष्कळ आहेत असेच सांगतात.

भारतात मिशिगनची नक्कल मुळातच होऊ शकत नाही. मतदानाच्या दिवशी खुणा केलेली यादी नंतर मोहोरबंद राहते व न्यायालयाच्या आदेशाविना उघडता येत नाही. उमेदवाराने वा त्याच्या संमतीने कोणी सामाजिक बहिष्काराची धमकी दिली, तर ते लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण ठरते. शाई लावलेल्या बोटाचे छायाचित्र स्वतःहून टाकणे हा यापेक्षा निराळा प्रकार आहे; सोसायटीच्या फलकावर मत न दिलेल्यांच्या खोल्यांचे क्रमांक लिहिणे मात्र त्याच लाजवण्याच्या जातीचे.

पक्षनिरपेक्षता : ही केवळ शब्दांत नसते, चित्रातही असते. ‘वेळ काढा’ या मजकुराशेजारी घड्याळ काढले, ‘लोकशाहीचा उजेड’ म्हणून मशाल काढली, किंवा उघडा पंजा दाखवला, तर महाराष्ट्रात तो फलक कोणत्या ना कोणत्या पक्षाचा वाटतो. शिट्टी आणि रेल्वे इंजिनही सुटलेले नाही. फुलांच्या सजावटीतले कमळ तर नकळत येते. शाईचे बोट त्यामानाने निर्धोक. ती शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती सर्वत्र वापरात आहे.

आवाहन करणाऱ्या व्यक्तीलाही हेच लागू होते. अभिनेते पंकज त्रिपाठी हे आयोगाचे राष्ट्रीय ‘आयकॉन’ होते. अटलबिहारी वाजपेयी यांची भूमिका असलेला त्यांचा चित्रपट येत असताना, जानेवारी २०२४ मध्ये, ते करारातील अटींप्रमाणे त्या पदावरून दूर झाले.

माहितीचा भाग : न जाण्याचे कारण अनास्था असेलच असे नाही; पुष्कळदा यादीत नाव नसते. कर्नाटकात मतदार जागृतीचा चेहरा असलेले क्रिकेटपटू राहुल द्रविड यांना २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मत देता आले नाही. घर बदलल्याने जुन्या पत्त्यावरचे नाव वगळले गेले होते आणि नव्या पत्त्यावरची नोंद मुदतीत झाली नव्हती. उत्साह पुरेसा होता, अर्ज एक कमी पडला.

आवाहनाची तारीख म्हणूनच त्याच्या शब्दांपेक्षा महत्त्वाची ठरते. महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीचे वेळापत्रक याचे चांगले उदाहरण आहे. निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर होता आणि त्यानंतर यादीत बदल करता येत नाही. नव्या नावावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात, मग निर्णय होतो. म्हणून अर्ज साधारण दहा दिवस आधी, १९ ऑक्टोबरपर्यंत, यावा लागत होता. मतदान होते २० नोव्हेंबरला. म्हणजे घोषणा झाल्यावर जागा झालेल्याच्या हाती चारच दिवस होते, आणि नोव्हेंबरात लागलेला ‘नाव नोंदवा’ हा फलक या निवडणुकीपुरता निरुपयोगी होता. त्या महिन्यात उपयोगी पडते ती वेगळी माहिती: यादीतला भाग व अनुक्रमांक कसा शोधायचा, मतदार ओळखपत्र नसेल तर कोणते पर्यायी छायाचित्र-पुरावे चालतात, आणि नुसती मतदार चिठ्ठी ओळखीसाठी पुरत नाही. नोंद कायम ठेवायची तर नव्या मतदाराने नमुना ६ आणि पत्ता बदललेल्याने नमुना ८ एरवीच भरलेला बरा. २०२२ पासून वय मोजण्याच्या तारखा वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

नाव आहे, पण त्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे, असेही क्वचित होते. अशा वेळी ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागता येते. ते यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर देऊन वेगळ्या लिफाफ्यात ठेवले जाते. एरवीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निवडणूक याचिकेत त्याला महत्त्व येऊ शकते. जागृतीच्या साहित्यात हा तपशील फारसा दिसत नाही.

स्थानिक संस्था व परदेशस्थ मतदार : महानगरपालिका, जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. महाराष्ट्रात तो स्वतःची निराळी नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक दिवशी जशी असेल तशी घेऊन प्रभागवार फोडतो. त्या दिवसानंतर विधानसभेच्या यादीत आलेले नाव प्रभागाच्या यादीत येत नाही. परदेशी राहणारा पण भारतीय पारपत्र असलेला मतदार २०११ पासून नमुना ६अ भरून मूळ गावच्या यादीत येऊ शकतो. मत द्यायला मात्र त्याला प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते. गोव्यातून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्यांना, त्यांच्याकडे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, हा मार्ग खुला नाही.