लेन्सवर सापडला नाही, म्हणून फोटो खरा?

“स्थळाचा फोटो गुगल लेन्सवर टाकला, कुठेच सापडला नाही. म्हणजे मुलगा खराच ना?”

नाही. लेन्स दिसायला सारखे फोटो शोधतं. दुसऱ्याच्या फोटोवर नवा चेहरा चढवला, की तो चेहरा नेटवर आधी नसतोच, मग जुळणार काय? चोरी उरते ती चेहऱ्याखाली.

समजा, ठाण्यातल्या घोडबंदर रोडचं स्थळ आहे, ब्लेझर घालून काचेच्या इमारतीपुढे उभा. फोटो क्रॉप करून मान आणि चेहरा काढून टाका. फक्त ब्लेझर, हात, इमारत ठेवून शोधा. तीच पोझ, ब्लेझरची तीच घडी दुसऱ्याच माणसाच्या अंगावर दिसली, तर विषय संपला. नाही दिसली, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. मूळ फोटो कुणाच्या खाजगी अकाउंटमधला असू शकतो.

मग फोटो व्हॉट्सॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, साधा फोटो म्हणून पाठवला, की बारकावे पुसले जातात. झूम करून चष्म्याची दांडी कानापर्यंत नीट जाते का, चेहरा गुळगुळीत आणि मान खरबरीत आहे का, ते बघा. ब्यूटी फिल्टरनेही असं होतं, म्हणून एवढ्यावरून कुणाला फसवा ठरवू नका.

व्हिडिओ कॉलवर पूर्ण बाजूला वळायला, चेहऱ्यावरून हात फिरवायला सांगा. चेहरा थरथरला तर सावध व्हा. पण चांगली सॉफ्टवेअर यातूनही निभावतात. त्यामुळे तलावपाळीसारख्या सार्वजनिक ठिकाणी दिवसाढवळ्या, दोन्हीकडच्या मोठ्यांसह भेट ठरवा. तोवर पैसे नाहीत, आधारचा फोटोही नाही. पैसे गेलेच असतील, तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि चॅट डिलीट करू नका.