अन्नसाखळी व अन्नजाळे : गावतळ्यावरील पाठ

उच्च प्राथमिक वर्गांत (इयत्ता सहावी ते आठवी) परिसंस्थेतील अन्नसंबंध गावच्या तळ्याच्या निरीक्षणातून शिकवण्यासाठी केलेले पाठ टाचण. प्रस्तुत नोंदीत पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, आणि त्याहून लहान असलेली बोडी यांचा आधार घेतला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत असे तलाव हजारोंनी आहेत. त्यांच्या बांधणीचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाला दिले जाते. बांधणीचा काळ सामान्यतः सोळावे ते अठरावे शतक असा सांगतात, पण एकेका तलावाला नेमके साल लावताना सावधगिरी हवी.

संकल्पनेचा उगम : अन्नसाखळीची कल्पना प्रथम कोणी मांडली याबद्दल मतभेद आहेत. नवव्या शतकातील बसऱ्याचा अरब लेखक अल्-जाहिझ याच्या प्राणिविषयक ग्रंथात एक प्राणी दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला खातो अशी वर्णने आढळतात. त्यावरून काही अभ्यासक त्याला आद्य मानतात. भागवत पुराणातील ‘जीवो जीवस्य जीवनम्’ हे वचनही या संदर्भात दिले जाते. दोन्ही ठिकाणी निरीक्षण आहे, मात्र कोणाच्या अन्नावर किती जीव पोसले जातात हा प्रश्न तेथे नाही. १८८० मध्ये इटलीच्या लोरेंझो कामेरानो याने अन्नसंबंधांची रेखाकृती काढली. १८८७ मध्ये अमेरिकेत स्टीफन फोर्ब्स याने सरोवर हे स्वतंत्र लघुविश्व मानून अभ्यासावे असे मांडले. आज शाळेत शिकवली जाते ती मांडणी मात्र चार्ल्स एल्टन याच्या १९२७ च्या ग्रंथातून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एल्टनने साखळ्यांच्या एकत्रित गुंतागुंतीला ‘अन्नचक्र’ म्हटले होते. ‘अन्नजाळे’ हा शब्द नंतर रूढ झाला. तळ्यावरच्या पाठाला फोर्ब्सचा विचार सर्वांत जवळचा आहे, कारण तळ्याला काठ असतो आणि मुलांना आपली यादी कुठे थांबवायची ते कळते.

पाठाची रचना : अध्यापक विद्यालयांत पाठ टाचण बराच काळ हर्बार्टच्या पंचपदीनुसार लिहिले जाई. हर्बार्टने स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या; पाचवी त्याच्या अनुयायांनी पहिलीचे दोन भाग करून वाढवली. तळ्यावरच्या पाठात हा क्रम जसाच्या तसा चालत नाही. हेतुकथन आधी केले की मुले पाण्यात साखळीच शोधतात आणि साखळीत न बसणारे जीव सोडून देतात. म्हणून पहिली तासिका केवळ नोंदीची, दुसरी जोडण्याची आणि तिसरी एखादा जीव वगळून पाहण्याची, अशी विभागणी सोयीची ठरते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ उत्तम. त्या वेळी पाणी भरलेले व निवळलेले असते, आणि शिंगाड्याची तोडणीही चालू असते.

साहित्य साधे आहे : पांढरी थाळी, भिंग, काचेच्या बरण्या आणि तारेच्या कड्याला शिवलेल्या दोन जाळ्या. येथे एक चूक वारंवार घडते. केवळ मच्छरदाणीच्या कापडाची जाळी नेली तर बरेचसे प्राणिप्लवक त्यातून निसटतात. मग मुलांच्या यादीत शेवाळ आणि मासे येतात, पण मधला दुवा येत नाही, आणि पुढची सगळी जोडणी चुकते. दुसरी जाळी धोतराच्या किंवा मलमलच्या कापडाची हवी. ती दहा-बारा वेळा पाण्यातून ओढून बरणीत उलटी केली आणि बरणी उजेडासमोर धरली की झटके देत पोहणारे पांढुरके ठिपके दिसतात. त्यांत जलपिसवा असतात. पाहणी गुडघाभर पाण्याच्या आत, काठावरूनच करावी. तळ्याची खोली जाणणारा गावातला माणूस सोबत असावा. पकडलेले जीव त्याच ठिकाणी परत सोडावेत.

जोडणी : दुसऱ्या तासिकेत प्रत्येक जीवाची चिठ्ठी करून जमिनीवर मांडतात आणि खडूने बाण काढतात. बाणाची दिशा हा या पाठातील सर्वांत नाजूक मुद्दा. मराठी वाक्यात खाणारा आधी येतो, ‘बगळा मासा खातो’. त्यामुळे मुले बगळ्याकडून माशाकडे बाण काढतात. बाण अन्न कोठे जाते ते दाखवतो, म्हणून तो माशाकडून बगळ्याकडे जायला हवा. ‘माशातले अन्न कोणाच्या पोटात गेले?’ असा प्रश्न विचारल्यास दिशा आपोआप सुधारते. सुतळीचा खेळ अनेक शाळांत घेतला जातो, पण सुतळीला दिशा नसल्याने तो बाणांच्या आधी घेऊ नये.

अन्नजाळे समजण्यासाठी कटला, रोहू आणि मृगळ ही त्रयी फार उपयोगी पडते. तिन्ही एकाच तळ्यात एकत्र सोडतात. कटला वरच्या थरात मुख्यतः प्राणिप्लवक खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्न घेतो आणि मृगळ तळाचा कुजका भाग चाळतो. ढीवर घरातल्या मुलांना कोणता मासा कोणत्या थरात सापडतो हे आधीच ठाऊक असते. तेव्हा या टप्प्यावर शिक्षकाने बोलणे थांबवून त्या मुलांना सांगू द्यावे. मृगळामुळे आणखी एक उणीव भरून निघते. सूर्यप्रकाश, शेवाळ, मासा अशी साखळी सगळे लिहितात, पण पळसाचे गळलेले पान, गुरांचे शेण आणि चिखल यांपासून सुरू होणारी अपरद साखळी राहून जाते. बोडीत तिचा वाटा मोठा असतो. झिंगे आणि गोगलगायी तिच्यावर बऱ्याच अंशी जगतात.

वगळण्याचा प्रयोग : तिसऱ्या तासिकेत मरळ माशाची चिठ्ठी उचलून काय होईल ते विचारतात. पहिले उत्तर बहुधा ‘बगळा उपाशी राहील’ असे येते, कारण मुले एकाच साखळीतून वर पाहतात. खाली पाहिल्यास वेगळे दिसते. मरळ नाही, म्हणून छोटे मासे वाढतील. ते जलपिसवा अधिक खातील. जलपिसवा घटल्या की शेवाळ वाढेल आणि पाणी हिरवे होईल. पण छोटे मासे खंड्या, बगळा आणि पाणदिवड हेही खातात. त्यांची संख्या पुरेशी असेल तर हा परिणाम दबून जाईल. त्यामुळे ‘पाणी हिरवे होईल’ हे उत्तर अटीसह लिहिले तरच पूर्ण धरावे.

ऊर्जेचा हिशोब : प्रत्येक पायरीवर दहा टक्के ऊर्जा पुढे जाते, असा नियम पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो. त्याचा आधार रेमंड लिंडमन याच्या १९४२ च्या निबंधात शोधतात. निबंध छापून येण्यापूर्वीच तो सत्ताविसाव्या वर्षी वारला. मिनेसोटातील सीडर बॉग या तळ्यासाठी त्याने काढलेले आकडे मात्र सरसकट दहा नाहीत. उत्पादकांनी सूर्यप्रकाशातून घेतलेला वाटा सुमारे ०.१० टक्के, प्राथमिक भक्षकांचा १३.३ आणि द्वितीयक भक्षकांचा २२.३ टक्के होता. दहा हा स्थूल अंदाज म्हणून शिकवणे योग्य. नियम म्हणून पाठ करून घेणे टाळावे. तसेच जैवभाराचा मनोरा तळ्यात उलटा असू शकतो, कारण वनस्पतिप्लवक एका वेळी थोडे असले तरी झपाट्याने वाढतात आणि खाल्ले जातात. ऊर्जेचा मनोरा मात्र सरळच राहतो.

मूल्यमापन : चिठ्ठ्या न देता मुलांना आपल्या यादीतील किमान आठ जीवांचे जाळे काढायला सांगतात. त्यात एक तरी बाण कुजक्या पदार्थाकडून निघालेला आणि एका जीवाकडे दोन वाटांनी अन्न आलेले असावे. उन्हाळ्यात बोडी आटते. तेव्हा हेच जाळे पुन्हा काढून कोणत्या चिठ्ठ्या उरल्या ते पाहतात.