न्यूजमध्ये चार दिशा नाहीत

“न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ ना?”

नाही हो. ‘न्यू’ म्हणजे नवं, त्याचंच ते जुनं अनेकवचन. शब्द ५०० वर्षांहून जुना. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची टूम मुख्यतः विसाव्या शतकातली.

तसा खरा शब्द हवा, तर आपल्या कुलाब्याचं रडार घ्या. रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग, अमेरिकी नौदलानं १९४० मध्ये रुळवलेलं नाव. ‘रेंजिंग’ म्हणजे अंतर काढणं. पालघरच्या बाजूला ६० किलोमीटरवर पाऊस असेल, तर रेडिओलहर त्याला धडकून ०.४ मिलिसेकंदात परत येते; जाऊन-येऊन १२० किलोमीटर, त्याचं निम्मं ते अंतर. (छत्री घ्यायची की नाही, ते मात्र आईच सांगते.)

स्कूबाही त्याच जातकुळीतला: सेल्फ-कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग अ‍ॅपरेटस.