सममित चेहरा म्हणजे निरोगी शरीर?

“चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या की माणूस निरोगी असतो, म्हणूनच आपल्याला तो आवडतो ना?”

यातला ‘म्हणूनच’ पुराव्यावर टिकत नाही. वाढीच्या वयात आजारपण आलं तर दोन बाजूंच्या वाढीत बारीक फरक पडतो, असं गृहीतक आहे. ऐकायला पटतं. ते तपासायचं तर चेहरा मोजायचा आणि त्याच माणसाच्या बालपणीच्या आजारांची नोंद शेजारी ठेवायची. ब्रिटनमध्ये नेमकं हेच झालं. पंधरा वर्षांच्या ४,७३२ मुलामुलींच्या चेहऱ्यांचं त्रिमितीय लेझर स्कॅन झालं होतं, आणि त्यांच्या आजारपणाच्या नोंदी लहानपणापासून ठेवलेल्या होत्या. २०१४ साली निष्कर्ष आला: असममिती आणि बालपणीचं आजारपण यांचा संबंध दिसला नाही.

सममित चेहरे सरासरीने थोडे जास्त आवडतात, हे खरंच आहे. पण आपल्याला सममित नक्षीही आवडते, आणि नक्षीला कसलं आलंय आरोग्य! मेंदूला अशी आकृती ओळखायला सोपी जाते, हे स्पष्टीकरणही तितकंच शक्य आहे. नुसती आवड मोजणाऱ्या प्रयोगातून या दोन्हींपैकी खरं कोणतं, ते ठरवता येत नाही.