सगळे फोटो 'फिक्स', तरी नकाशा सरकलेला

ड्रोनच्या फोटोंवरून नकाशा बनवताना प्रत्येक फोटो काढला तेव्हा ड्रोन कुठे होता हे लागते, पण साध्या जीपीएसवर ही जागा दोन-तीन मीटरने चुकू शकते. गावठाणाच्या मोजणीत एवढ्याने शेजाऱ्याची भिंत आपल्या अंगणात येते. ही चूक काढायला जमिनीवर दुसरा रिसीव्हर लागतो, त्याला बेस म्हणतात. बेस जागचा हलत नाही आणि त्याची खरी जागा माहीत असते, म्हणून उपग्रहांचे घड्याळ, कक्षा आणि वातावरण यांमुळे मोजणी किती बिघडते ते त्याच्यावरून कळते. जवळ उडणाऱ्या ड्रोनचीही मोजणी जवळपास तेवढीच बिघडलेली असते. ती दुरुस्त करता येते.

सेंटीमीटर गाठायला मात्र उपग्रहाच्या सिग्नलची वाहक लहर मोजावी लागते. जीपीएसच्या एल-१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंमी. रिसीव्हर लहरीचा अपुरा भाग मिलिमीटरपर्यंत मोजतो, पण उपग्रहापर्यंत पूर्ण लहरी किती, हे त्याला ठाऊक नसते. आकडे पुसलेल्या टेपने मोजावे तसे. ती पूर्णांक संख्या खात्रीने सुटली की 'फिक्स', नाही सुटली तर 'फ्लोट'. फ्लोटमध्ये काही डेसिमीटरची चूक राहते.

दुरुस्ती उडतानाच मोबाइल डेटावरून घेतली तर आरटीके. डोंगरातल्या गावात रेंज जाते, तिथे पीपीके बरे: ड्रोन आणि बेस दोघांनी कच्चा डेटा साठवायचा आणि हिशोब नंतर करायचा. स्वतःचा बेस नसेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जवळच्या कॉर्स स्थानकाचा, म्हणजे सतत चालू असलेल्या कायमच्या बेसचा, डेटा वापरता येतो. अंतर मात्र पाहावे. दर किलोमीटरला साधारण एक मिलिमीटर चूक वाढते आणि लांबवर फिक्स मिळणेही अवघड होते.

पीपीकेचा हिशोब करायची आरटीकेलिब या मोफत सॉफ्टवेअरमधली आज्ञा अशी:

```
rnx2rtkp -p 2 -l 18.345678901 74.012345678 512.340 -o out.pos rover.obs base.obs base.nav
```

`-l` पुढे बेसचे अक्षांश, रेखांश आणि उंची येते. हा भाग गाळला तर प्रोग्राम तक्रार करत नाही. तो बेसची जागा साध्या जीपीएस पद्धतीने काढतो आणि सरासरी घेतो. ती मीटरभर चुकली, की सगळा नकाशा तेवढाच सरकतो. निकालात मात्र जिकडे तिकडे `Q=1`, म्हणजे फिक्स, कारण ड्रोन बेसपासून किती दूर आणि कोणत्या दिशेला आहे ते पक्के सुटले, एवढेच फिक्स सांगतो. म्हणून फक्त फिक्सची टक्केवारी पाहून काम पास करू नये.

ही चूक पकडायला जमिनीवर चार-पाच खुणा रंगवून त्यांची जागा या बेसशी संबंध नसलेल्या, आधीच अचूक मोजलेल्या नियंत्रण बिंदूवरून मोजावी आणि त्या खुणा नकाशा बनवताना वापरू नयेत. सगळ्या खुणा एकाच दिशेला सारख्याच सरकलेल्या दिसल्या तर बेसचे निर्देशांक तपासा. फरक वेडेवाकडे असतील तर दोष फोटोंच्या वेळेत, कॅमेऱ्यात किंवा फ्लोट राहिलेल्या टप्प्यांत शोधा. ताशी ३६ किमी वेगाच्या ड्रोनला वेळेतली १० मिलिसेकंदांची चूक १० सेंमीला पडते. आणि आडवे सगळे जुळून उंचीतच साठेक मीटरचा फरक आला, तर एका बाजूला लंबवर्तुळाभावरची, म्हणजे जीपीएस पृथ्वीचा जो गणिती आकार धरते त्यावरची, उंची आहे आणि दुसऱ्या बाजूला समुद्रसपाटीपासूनची. महाराष्ट्रात या दोन उंचींत साधारण एवढे अंतर असतेच.