कुर्ता मागवण्याआधी: माप, बदली आणि पार्सल यांबद्दल नेहमी येणाऱ्या शंका

माझं माप 38 आहे. मग 38 चाच कुर्ता घ्यायचा ना?

हे 38 कशाचं, ते आधी बघा. आमच्या कुर्त्याच्या गळ्यापाशी लिहिलेला आकडा अंगाच्या छातीचा असतो. 38 लिहिलेला कुर्ता प्रत्यक्षात छातीवर 42 इंच भरतो. होजिअरीचं कापड ताण घेतं, सुती कापड घेत नाही. त्यामुळे बसायला, हात वर करायला सरळ कटच्या कुर्त्यात 4 इंच ढिलाई ठेवावीच लागते.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. घरचा आवडता कुर्ता मोजला, 42 भरला, म्हणून 42 नंबर मागवला, आणि हातात आला 46 इंचांचा झगा. प्रत्येक कुर्त्याखालच्या तक्त्यात ‘अंगाचं माप’ आणि ‘कुर्त्याचं माप’ असे दोन रकाने आहेत. टेप अंगाला लावला असेल तर पहिला रकाना बघायचा, कुर्त्याला लावला असेल तर दुसरा.

घरच्या घरी माप कसं घ्यायचं?

अंगापेक्षा कुर्ता मोजणं सोपं आणि भरवशाचं. अंगावर टेप कधी घट्ट धरला जातो, कधी पाठीमागे खाली घसरतो. नीट बसणारा, धुतलेला, न ताणणाऱ्या कापडाचा कुर्ता घ्या. बटणं लावून तो सपाट जागेवर पसरा आणि सुरकुत्या हाताने सारख्या करा. गादीवर पसरू नका, कापड खोलगट बसतं आणि माप चुकतं.

एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप आडवा धरा आणि येणारा आकडा दुप्पट करा. ही छाती. मग बाजूचा कट जिथे सुरू होतो त्याच्या किंचित वर तसंच आडवं माप घेऊन दुप्पट करा. ही सीट. खांदा मात्र दुप्पट करायचा नाही. पाठीमागून एका बाहीच्या जोडापासून दुसऱ्या बाहीच्या जोडापर्यंत सरळ मोजायचा. उंची खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून खालच्या दुमडीपर्यंत.

तक्त्यातल्या आणि हातात आलेल्या कुर्त्याच्या मापात अर्ध्या इंचाचा फरक पडू शकतो. कापडाचे बरेच थर एकावर एक ठेवून एकदम कापले जातात, आणि खालचा थर थोडा सरकतोच.

माझं माप दोन नंबरांच्या मधे येतं. कोणता घेऊ?

समजा अंगाची छाती 37 आहे आणि सीट 41. आमचा 36 नंबर छातीवर 40 आणि सीटवर 42 भरतो. 38 नंबर छातीवर 42 आणि सीटवर 44. नुसती छाती पाहिली तर 36 मधेही 3 इंच मोकळे राहतात, म्हणजे चालून जाईल असं वाटतं. पण सीटवर फक्त 1 इंच उरतो. असा कुर्ता उभं असताना ठीक दिसतो. बसलं की बाजूचे कट फाकतात, मांडीवर आडव्या सुरकुत्या पडतात आणि चालताना कुर्ता वर चढत राहतो. सीटवर निदान 2 ते 3 इंच हवेतच. म्हणून इथे 38 घ्यायचा आणि छातीत जास्तीचा 1 इंच आत घ्यायचा.

तो घेणं सोपं आहे. दोन्ही बाजूंची शिवण पाव-पाव इंच आत सरकवली की पुढचं आणि मागचं कापड मिळून एकूण 1 इंच कमी होतो. शिंप्याला ‘काखेपासून कमरेपर्यंतच घ्या, सीटला हात लावू नका’ एवढं सांगा.

उलट, घट्ट कुर्ता सैल करायला आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड लागतं. आमच्या कुर्त्यांत बाजूला पाऊण इंच माया असते. त्यातला अर्धा-अर्धा इंच उसवला तर एकूण 2 इंच मिळतात. मात्र जुन्या शिवणीची भोकं दिसतात, आणि गडद रंगाचा कुर्ता काही वेळा धुतलेला असेल तर तिथे गडद रेघ उठून दिसते. मुंढा घट्ट असेल तर वाढवायला कापडच नसतं. तेव्हा बाजूला सैल असलेला कुर्ता चालेल, काखेत घट्ट असलेला लगेच बदलून घ्या.

धुतल्यावर आटेल का?

सुती असेल तर थोडा आटेलच. तक्त्यातली मापं धुण्याआधीची आहेत. मागावर उभे धागे ताणात असतात आणि पाण्यात तो ताण सुटतो, म्हणून कुर्ता रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतो. 44 इंच उंचीचा कुर्ता 3 टक्के आटला तर सव्वा इंचाहून थोडा जास्त कमी होतो. गुडघ्याखाली हवाच असेल तर उंचीत दीड इंच जास्तीचा धरा. पहिली धुलाई गार पाण्यात करा.

बदलून किंवा परत कसा करायचा?

पार्सल मिळाल्यापासून 7 दिवसांच्या आत कळवा. कुर्ता घालून बघायला हरकत नाही, तो बघायचाच असतो. टॅग तसाच ठेवा आणि आरशासमोर दोन गोष्टी करा: दोन्ही हात डोक्यावर न्या आणि खुर्चीवर बसा. हात वर करताना काखेपासून छातीकडे तिरप्या सुरकुत्या ओढल्या गेल्या तर मुंढा किंवा छाती घट्ट आहे. अंगावर अत्तर, पावडर किंवा ओली मेंदी असताना घालू नका. वास लागलेला किंवा धुतलेला कुर्ता दारात आलेला कुरियरवालाच परत घेत नाही.

नंबर बदलून हवा असेल तर जुन्या कुर्त्याच्या परतीची वाट न पाहता आधी कळवा, म्हणजे हवा तो नंबर बाजूला ठेवता येतो. शिवण उसवलेली, डाग पडलेला किंवा वेगळाच कुर्ता आला तर पार्सलवरच्या पत्त्याच्या चिठ्ठीसकट फोटो पाठवा. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल विक्रेत्याने परत घेतलाच पाहिजे, असं 2020 च्या ई-वाणिज्य नियमांतही आहे.

पैसे ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत जातात. रोखीने घेतलं असेल तर बँक खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी कोड लागतो. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन किंवा ओटीपी कधीच द्यावा लागत नाही. कोणी मागितला तर तो फोन आमचा नाही.

पार्सल अडकलंय असं दिसतं. का?

पहिल्या दिवशी ‘लेबल तयार’ एवढंच दिसत असेल तर कुरियरने अजून ते स्कॅन केलेलं नाही, वाट पाहा. त्यानंतरही हललं नाही तर पिनकोड तपासा. पार्सलची विभागणी गावाच्या नावावर नाही, पिनकोडवर होते. एक आकडा चुकला की पत्ता अचूक असूनही ते भलत्याच केंद्रावर जाऊन बसतं. पार्सल तिथे पोहोचण्याआधी कळवलंत तर दुरुस्ती करता येते. फोन न उचलल्यामुळे वारंवार फेरी वाया गेली तर पार्सल आमच्याकडे परत येतं, म्हणून पार्सल येण्याच्या दिवसांत अनोळखी नंबरही उचला.