ब्लूटूथ कीबोर्डची पुनर्जोडणी (संगणक स्लीपमधून उठल्यावर)

ब्लूटूथ कीबोर्डची पुनर्जोडणी म्हणजे एकदा पेअर केलेला कीबोर्ड आणि संगणक यांच्यातला सुटलेला बिनतारी दुवा, वापरणाऱ्याने काही न करता, परत जुळणे. संगणक स्लीपमधून उठल्यावर ही क्रिया अनेकदा अडते. पडदा उजळतो, पासवर्डचा रकाना समोर येतो, पण कळा कितीही दाबल्या तरी काही उमटत नाही. अशा वेळी बहुतेक जण कीबोर्ड यादीतून काढून टाकतात आणि नव्याने पेअर करतात. त्याने दुवा जुळतो खरा, पण मूळ कारण जागचे हलत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच होते. म्हणून आधी कोण अडले आहे ते ओळखायला हवे.

परत जोडण्याची सुरुवात सहसा संगणक करत नाही, कीबोर्ड करतो. आजचे बरेच कीबोर्ड २०१० साली आलेल्या ब्लूटूथ ४.० मधल्या ‘लो एनर्जी’ पद्धतीने चालतात. काही वेळ एकही कळ दाबली गेली नाही, की बॅटरी वाचवण्यासाठी असा कीबोर्ड आपला रेडिओ बंद करतो. पुढची कळ दाबताच तो जागा होतो आणि ठरलेल्या तीन वाहिन्यांवर हाक देऊ लागतो. ही हाक फार वेळ चालत नाही. एका विशिष्ट ओळखीच्या यंत्रासाठी दिलेली जलद हाक तर जास्तीत जास्त १.२८ सेकंद टिकते. त्यानंतर कीबोर्ड सावकाश हाक देतो किंवा पुन्हा झोपतो. संगणकाच्या ब्लूटूथ अडॅप्टरने ती हाक ऐकली पाहिजे, पत्ता ओळखला पाहिजे आणि पेअरिंगच्या वेळी दोघांनी जपून ठेवलेली १२८ बिटांची गुप्त किल्ली जुळली पाहिजे. यातले काहीही एक चुकले, तरी वापरणाऱ्याला दिसते ते सारखेच, म्हणजे मुका कीबोर्ड.

यात एक गोष्ट दोष नसून स्वाभाविक आहे. बऱ्याच संगणकांत ब्लूटूथ कीबोर्डने संगणक उठवण्याची सोय नसते किंवा ती बंद असते. संगणक झोपलेला असताना दाबलेल्या कळांची हाक कोणी ऐकत नाही आणि कीबोर्ड थकून परत झोपतो. मग लॅपटॉप उघडल्यावर पुन्हा एकदा कळ दाबावी लागते आणि पहिली एकदोन अक्षरे हरवतात. पासवर्ड सुरू करण्याआधी Shift दाबून दोनतीन सेकंद थांबण्याची सवय लावली, तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

बॅटरीचा संबंध वाटतो त्यापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टपासून सुरू होऊन हळूहळू उतरत जातो आणि त्याचा अंतर्गत रोध वाढत जातो. जोडलेल्या अवस्थेत टाइप करताना कीबोर्ड अगदी छोटे निरोप पाठवतो. झोपेतून उठून लागोपाठ हाक देताना मात्र सेलवरचा भार अचानक वाढतो आणि उतरलेल्या सेलचा दाब त्या क्षणी कोसळतो. त्यामुळे दिवसभर नीट चाललेला कीबोर्ड सकाळी उठत नाही, असे होऊ शकते. पडद्यावरच्या टक्केवारीवर पूर्ण भिस्त ठेवू नये. ती बहुधा अल्कलाइन सेल गृहीत धरून दाबावरून काढलेली असते. रिचार्जेबल निकेल सेलचा दाब मुळातच १.२ व्होल्ट असल्याने तो भरलेला असूनही कमी दिसतो. उलट १.५ व्होल्टचा लिथियम सेल जवळजवळ शेवटपर्यंत भरलेला दिसतो आणि मग एकाएकी संपतो.

अडॅप्टरचा दोष लॅपटॉपमध्ये जास्त आढळतो. तिथे ब्लूटूथ सहसा वाय-फायच्याच कार्डावर असते आणि आतून यूएसबीने जोडलेले असते. वीज वाचवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम ते यूएसबी उपकरण निजवते. झोप खोल असली, तर त्याची वीजच तुटते आणि उठल्यावर त्याच्यात फर्मवेअर नव्याने भरावे लागते. इथे ड्रायव्हर अडखळला, की कीबोर्ड हाक देत राहतो आणि ऐकायला कोणीच नसते.

एक नमुना पाहू. विंडोजचा लॅपटॉप, त्याला ब्लूटूथ कीबोर्ड आणि ब्लूटूथ माउस. कीबोर्डला तीन यंत्रांच्या जागा आहेत, पहिलीवर लॅपटॉप आणि दुसरीवर फोन. दहा मिनिटांच्या स्लीपनंतर सगळे जुळते, पण रात्रभर ठेवल्यावर सकाळी जुळत नाही. हा फरकच बोलका आहे, कारण बराच वेळ गेल्यावर विंडोज अनेकदा स्लीपमधून हायबरनेटमध्ये जाते आणि अडॅप्टरची वीज पूर्ण जाते. सकाळी माउसही मेलेला आहे, म्हणजे दोष एकट्या कीबोर्डचा असण्याची शक्यता कमी. कीबोर्डचे बटण दुसऱ्या जागेवर नेल्यावर फोनवर अक्षरे उमटतात, म्हणजे सेल आणि रेडिओ ठीक. मग लॅपटॉपवर ब्लूटूथ बंद करून चालू करताच दोन्ही उपकरणे जोडली जातात. आता शंका उरत नाही, अडले आहे ते अडॅप्टर.

उपायासाठी लॅपटॉप कोणत्या प्रकारची झोप घेतो ते आधी पाहावे :

```
powercfg /a
```

उत्तरात `Standby (S3)` उपलब्ध दिसले, तर Device Manager मध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या Power Management या टॅबवर `Allow the computer to turn off this device to save power` ची खूण काढावी. `Standby (S0 Low Power Idle)` दिसले, तर हा टॅब बहुधा नसतोच. तो शोधत बसण्यापेक्षा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ब्लूटूथचा नवा ड्रायव्हर घालणे बरे. उपाय लागू पडला का, हे कळायला सकाळची वाट पाहायची गरज नाही. हायबरनेट चालू असलेल्या संगणकावर `shutdown /h` दिले, की तो लगेच त्या अवस्थेत जातो आणि चाचणी काही मिनिटांत होते.

लिनक्सवर आणखी एक कारण सापडते. `bluetoothctl info` आणि कीबोर्डचा पत्ता दिला, की `Paired: yes` दिसते, पण खाली `Trusted: no` असते. अशा वेळी कीबोर्डने आपणहून केलेली जोडणी परवानगीसाठी अडकू शकते. `bluetoothctl trust` आणि तोच पत्ता, एवढ्याने काम होते. अडॅप्टर निजवणे थांबवायचे असेल, तर कर्नलला `btusb.enable_autosuspend=n` द्यावे.

किल्ली न जुळण्याचा प्रकार स्लीपच्या नावावर खपतो, पण तो वेगळा आहे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले, तर दोघांचा अडॅप्टर एक आणि पत्ताही एकच असतो, पण किल्ल्या वेगवेगळ्या. कीबोर्ड त्या जागेवर एका पत्त्यासाठी एकच किल्ली ठेवतो, म्हणून एका सिस्टिममध्ये पेअर केले, की दुसरीत तो ओळख हरवून बसतो. खूण अशी की यादीत नाव असते, क्षणभर जोडल्यासारखे दिसते आणि लगेच तुटते. इथे सेल बदलून किंवा वीजबचत बंद करून काहीही होत नाही. कीबोर्डला जागा मोकळी असेल, तर प्रत्येक सिस्टिमला वेगळी जागा देणे हा सर्वांत सोपा मार्ग.

हे सगळे उपाय ऑपरेटिंग सिस्टिम चालू झाल्यानंतरच लागू पडतात. किल्ल्या तिच्याकडे असतात. त्यामुळे बहुतेक विंडोज संगणकांत बायोसच्या पडद्यावर किंवा हायबरनेटनंतर बिटलॉकरचा पिन मागणाऱ्या पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्ड चालतच नाही. तिथे लॅपटॉपचा स्वतःचा किंवा तारेचा कीबोर्ड लागतो.